काटलं, पण नेमकं काय काटलं?

आठवीच्या वर्गात ‘सरळरूप द्या’ या प्रश्नाखाली एखाद्या मुलानं लिहिलेली ही ओळ बघा:

(a² − b²) / (a − b) = a + b

उत्तर अगदी बरोबर आहे. तपासणारे शिक्षक बरोबरची खूण करतात, गुण देतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण अशा मुलाला जवळ बसवून ‘हे कसं काढलंस, सांग बघू’ असं विचारलं, तर कधीकधी वेगळंच ऐकायला मिळतं. “बाई, a² ला a नं भागलं, a आला. b² ला b नं भागलं, b आला. वजाला वजानं भागलं, म्हणून अधिक.”

म्हणजे त्यानं अवयव पाडलेलेच नाहीत. वरच्या एकेका पदाला खालच्या एकेका पदानं भागलं आणि चिन्हाचा भागाकार वेगळा केला. ही रीत पूर्ण चूक आहे, पण इथे ती बरोबर उत्तरावर नेऊन सोडते. छेदात a − b च्या जागी a + b ठेवून बघा. त्याच रीतीनं a येतो, b येतो, वजाला अधिकनं भागलं म्हणून वजा, आणि उत्तर a − b. तेही बरोबर! वर्गांच्या वजाबाकीवरची अशी दहा गणितं घरी सोडवायला दिली, तरी या मुलाची वही बरोबरच्या खुणांनी भरेल आणि चूक आणखी पक्की होईल.

ती उघडी पडते घनांपाशी. (a³ − b³) / (a − b) याचं त्याच्या रीतीनं उत्तर येतं a² + b². खरं उत्तर आहे a² + ab + b². a ला 3 आणि b ला 2 धरलं, तर वर 27 − 8 म्हणजे 19, खाली 1, म्हणजे किंमत 19. मुलाच्या उत्तराची किंमत 9 + 4 म्हणजे 13. मधला ab, म्हणजे 6, कुठेतरी हरवला. शिक्षकांना वाटतं, मुलगा घनाचं सूत्र विसरला. ते सूत्र पाच वेळा लिहून आणायला सांगतात. पण मुलाची अडचण सूत्राची नाहीच. एका बेरजेला दुसऱ्या बेरजेनं भागायचं म्हणजे पदाला पदानं भागायचं, असं त्याच्या मनात बसलेलं आहे, आणि वर्गांची गणितं आजवर त्या समजुतीला पाठिंबाच देत आली आहेत.

बैजिक अपूर्णांकांमधल्या चुका समजून घ्यायच्या तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. लाल फुलीवरून चूक झाली एवढंच कळतं, ती का झाली हे कळत नाही. बरोबरच्या खुणेवरून तर तेवढंही कळत नाही. चूक शोधायची असेल, तर चुकीच्या रीतीनं उत्तरही चुकेल असा प्रश्न निवडावा लागतो. शिवाय वेगवेगळ्या चुकांची उत्तरं वेगवेगळी यावी लागतात, म्हणजे नुसतं उत्तर पाहून मूळ ओळखता येतं.

शाळा सोडून बराच काळ झालेल्या वाचकांसाठी दोन शब्दांची उजळणी करतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांनी जोडलेले तुकडे म्हणजे पदं, आणि गुणाकारानं जोडलेले तुकडे म्हणजे अवयव. x + 6 मध्ये x आणि 6 ही दोन पदं आहेत. 6x मध्ये 6 आणि x हे अवयव आहेत. अपूर्णांक सोपा करताना आपण अंश आणि छेद या दोघांना एकाच संख्येनं भागतो. 6/9 चे 2/3 होतात, कारण सहालाही तीननं भागलं आणि नऊलाही. अख्ख्या अंशाला आणि अख्ख्या छेदाला भागायचं असल्यामुळे ती संख्या दोघांचा अवयव असावी लागते. पद असून चालत नाही. ‘काटणं’ या क्रियेचा अर्थ इतकाच आहे.

मग मुलं पदं का काटतात? कारण ज्या गणितांवर ती काटायला शिकली, त्यांत पदं आणि अवयव असा फरक दिसतच नव्हता. पाचवी-सहावीत 12/18 होते. बीजगणितात आल्यावर पहिली उदाहरणं 6xy/3x अशी असतात. तिथे जे काही दिसतं ते अवयवच असतं, त्यामुळे ‘वर आणि खाली सारखं दिसलं की काट’ हा नियम दरवेळी खरा ठरतो. वर्गातली भाषाही तशीच असते. ‘वरचा x, खालचा x, गेला.’ मग एके दिवशी फळ्यावर अधिकचं चिन्ह घेऊन (x + 6)/3 अवतरतं आणि मूल तोच नियम लावतं. मॅरिलिन मॅट्झ या अमेरिकी अभ्यासक महिलेनं १९८०च्या सुमारास बीजगणितातल्या चुकांबद्दल नेमकं हेच मांडलं होतं. तिचं म्हणणं असं की, बहुतेक चुका निष्काळजीपणातून येत नाहीत. एका जागी खरा असलेला नियम मूल समजूनउमजून दुसऱ्या जागी ताणतं, तिथे त्या चुका जन्मतात. हे एकदा ध्यानात आलं की ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ या वाक्याचा उपयोग किती कमी, हेही ध्यानात येतं. मुलाचं लक्ष असतं आणि ते नियम पाळतही असतं. फक्त तो नियम अपुरा असतो.

आता पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी बघू. दहा मिनिटांत होते, गुण द्यायचे नाहीत, आणि सूचना एकच: जे काटाल त्याभोवती गोल करा, खोडरबर वापरू नका.

1) (x + 6) / 3
2) (3x + 6) / 3
3) (x + 3) / [(x + 3)(x − 2)]
4) (a³ − b³) / (a − b)
5) (x² + 5x + 6) / (x² − x − 12)

पहिला प्रश्न सापळा आहे, कारण तो आहे तसाच सोपा आहे. कुणी x/3 + 2 लिहिलं तर तेही बरोबर. पण x + 2 आलं, तर त्या मुलानं फक्त सहाला तीननं भागलं आणि x ला सोडून दिलं. दुसऱ्या प्रश्नात x + 2 हे बरोबर उत्तर आहे. म्हणून ही जोडी एकत्र ठेवली आहे. दोन्हीकडे x + 2 लिहिणाऱ्या मुलाला छेदातला तीन अख्ख्या अंशाला भागतो हे कळलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नात जमेल तिथे भागलं आणि योगायोगानं दोन्ही पदांना भाग गेला. दुसऱ्यात x + 6 लिहिणाऱ्याची समजूत वेगळी आहे. ‘खाली तीन एकच आहे, मग तो एकदाच वापरायचा.’

तिसऱ्या प्रश्नात अवयव पाडूनच दिले आहेत, त्यामुळे तिथे काय काटायचं यात गोंधळ होत नाही. काटल्यावर काय उरतं, हा गोंधळ होतो. बरोबर उत्तर 1/(x − 2). पण कित्येकांच्या कागदावर नुसतं x − 2 असतं आणि काहींच्या कागदावर 0. काटलं म्हणजे गेलं, गेलं म्हणजे काही नाही, असा त्यांचा हिशोब. एखाद्या राशीला तिनंच भागलं की एक उरतो, हे त्यांना 5/5 मध्ये नक्की ठाऊक असतं. पण तिरपी रेघ मारताना आपण भागाकार करतोय याची जाणीवच नसते, मग एक आठवणार कसा?

चौथ्याबद्दल वर सांगितलंच. a² + b² हे उत्तर दिसलं की पदाला पदानं भागणारी रीत ओळखावी. पाचवा प्रश्न सगळ्यात बोलका आहे. त्यावर जरा थांबू.

एका मुलीचं उत्तर वजा साडेपाच आहे. गोल पाहिले की कळतं, तिनं x² आणि x² काटले, 5x ला −x नं भागून −5 आणले, सहाला वजा बारानं भागून वजा अर्धा आणला आणि दोन्ही मिळवले. चौथ्या प्रश्नातलीच रीत इथे पुन्हा आली. दुसऱ्या मुलाचं काम असं आहे:

(x² + 5x + 6) / (x² − x − 12)
= (x + 2)(x + 3) / [(x − 4)(x + 3)]
= (x + 2) / (x − 4)
= 2 / (−4)
= −1/2

पहिल्या तीन ओळी उत्तम. अवयव बरोबर, x + 3 काटला तोही बरोबर. तिथे थांबला असता तर पूर्ण गुण. पण त्याला (x + 2)/(x − 4) हे उत्तर वाटलंच नाही. अजून x दिसतोय, म्हणजे काम शिल्लक आहे, असं वाटून त्यानं x ला x नं उडवलं. सात वर्षं प्रत्येक गणिताच्या शेवटी एक संख्या मिळवलेल्या मुलाला राशी हेच उत्तर असू शकतं, हे पचायला वेळ लागतो. ही चूक शिक्षकांनाही चटका लावते, कारण कठीण भाग जमलेला असतो.

तिसऱ्या मुलीनं छेदाचे अवयव (x + 4)(x − 3) असे पाडले आणि खाली लिहिलं, ‘सामाईक अवयव नाही, सरळरूप येत नाही.’ तिचं उत्तर चूक आहे, पण काटण्याबद्दलची तिची समज वर्गात कदाचित सगळ्यात पक्की आहे. तिनं x काटायचा मोह टाळला आणि x + 3 व x − 3 यांचीही गाठ घातली नाही. तिला अवयव पाडताना मधल्या पदाचं चिन्ह तपासायची सवय हवी आहे. (x + 4)(x − 3) गुणून पाहिलं असतं, तर −x च्या जागी +x येतो हे तिला लगेच दिसलं असतं. तिला काटण्याच्या उजळणीला बसवलं, तर तिचा तास फुकट जाईल.

तीन फुल्या, तीन कारणं. म्हणून चाचणी तपासताना कागदांचे गठ्ठे करावेत. पदं काटणारे एका गठ्ठ्यात. काटल्यावर एक उरतो हे न उमगलेले दुसऱ्यात. अवयव पाडण्यात अडखळणारे तिसऱ्यात. काही कागद दोन गठ्ठ्यांत बसतील, त्यांना पहिल्याच गठ्ठ्यात ठेवावं, कारण ती समजूत दुरुस्त झाल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही. आणि ज्याची फुली एकाच प्रश्नावर आहे, त्याच्याशी दोन मिनिटं बोलून बघावं. एक चूक म्हणजे घसरण असू शकते. तीच चूक दोन-तीन प्रश्नांत दिसली तर ती समजूत आहे. पहिला गठ्ठा वर्गाच्या तिसऱ्या भागाहून मोठा असेल, तर सगळ्या वर्गाचा एक तास घ्यावा असं मी म्हणेन. त्याहून लहान असेल तर मधल्या सुट्टीआधी त्या मुलांना वेगळं घेतलेलं बरं.

आता तो तास. पस्तीस मिनिटांत सगळ्या चुका काढायला गेलं तर एकही निघत नाही. या तासाला एकच गोष्ट शिकवायची: काटता येतो तो फक्त अख्ख्या अंशाचा आणि अख्ख्या छेदाचा सामाईक अवयव. चिन्हांची गणितं, म्हणजे (x − 3)/(3 − x) सारखी, आणि अवयव पाडण्याचा सराव दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

सुरुवातीची पाच मिनिटं x नकोच. फळ्यावर शेजारीशेजारी दोन अपूर्णांक लिहावेत:

(5 × 3) / (5 × 1)        (5 + 3) / (5 + 1)

दोन्हींतले पाच काटायला सांगावं. दोन्हीकडे तीन उरतात. मग दोन्हींची खरी किंमत काढायला सांगावी. डावीकडे पंधराला पाचनं भागून तीन. उजवीकडे आठला सहानं भागून एक पूर्णांक एक तृतीयांश. इथे शिक्षकांनी लगेच नियम सांगू नये. ‘एकीकडे चाललं, दुसरीकडे नाही, फरक काय?’ एवढंच विचारावं आणि मुलांना बोलू द्यावं. संख्यांमध्ये मुलांना कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही, कारण आठ भागिले सहा म्हणजे तीन नव्हेत, हे ती स्वतः ठरवू शकतात. इथेच जाता जाता 16/64 दाखवावा. सहा काटले की 1/4 उरतो आणि तो बरोबर आहे! 19/95 मध्ये नऊ काटले तर 1/5, तोही बरोबर. मग 13/39 द्यावा. तीन काटले तर 1/9 येतो, आणि खरं उत्तर आहे 1/3. बरोबर उत्तरामागची रीत चुकीची असू शकते, हे मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

पुढची आठ मिनिटं आकडेमोड अजिबात नाही. फळ्यावर एकेक अपूर्णांक लिहायचा आणि मुलांनी तीनपैकी एक म्हणायचं: ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘आधी अवयव’. इथे मुलांच्या हाती एक प्रश्न द्यावा, जो त्यांना परीक्षेतही उपयोगी पडेल: x च्या जागी संख्या ठेवून किंमत काढायला बसलो, तर सगळ्यात शेवटी कोणती क्रिया करावी लागेल? (x + 3)(x − 2) मध्ये x ला पाच धरला, तर आधी आठ, मग तीन, आणि शेवटी आठ गुणिले तीन. शेवटची क्रिया गुणाकार, म्हणून हे अवयव आहेत आणि काटायला मोकळे आहेत. x(x + 3) + 2 मध्ये मात्र आधी पाच गुणिले आठ चाळीस, आणि शेवटी दोन मिळवायचे. शेवटची क्रिया बेरीज. म्हणून समोर कितीही ठळक दिसला, तरी तो x अख्ख्या राशीचा अवयव नाही. मुलांचा गुणाकाराकडे बघून गोंधळ होतो तो अशाच ठिकाणी. x ला कंस चिकटलेला दिसतो, म्हणून तो अवयव वाटतो. तो अवयव आहे, पण पहिल्या पदाचा, अख्ख्या अंशाचा नाही. शेवटच्या क्रियेचा प्रश्न हा भेद लख्ख दाखवतो.

(5x + 2)/5 ला ‘नाही’. (5x + 10)/5 ला ‘आधी अवयव’, कारण ते 5(x + 2) असं लिहिलं की शेवटची क्रिया गुणाकार होते. हे तिसरं उत्तर महत्त्वाचं आहे. नुसतं ‘हो-नाही’ शिकवलं, तर काही मुलं अधिकचं चिन्ह दिसताच हात आखडता घेतात आणि ‘बेरीज असली की काटायचं नाही’ असा नवाच अर्धवट नियम करून बसतात. या खेळात उत्तराबरोबर कारणही मागावं, आणि पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलांना आधी विचारावं.

तासाचा गाभा त्यानंतरच्या दहा मिनिटांत आहे. वरची ती पाच ओळींची, वजा अर्ध्यावर संपणारी सोडवणूक फळ्यावर उतरवायची. मुलाचं नाव घ्यायचं नाही, आणि अक्षरावरून ओळखू येऊ नये म्हणून ती शिक्षकांनीच स्वतःच्या हातानं लिहावी. वर्गाला सांगायचं, यात एका ओळीपासून गडबड सुरू झाली आहे, ती ओळ शोधा. साधन एकच, x ला 5 धरा आणि प्रत्येक ओळीची किंमत काढा. पहिल्या ओळीत वर 25 + 25 + 6 म्हणजे छप्पन, खाली 25 − 5 − 12 म्हणजे आठ, किंमत सात. दुसऱ्या ओळीत सात गुणिले आठ भागिले एक गुणिले आठ, पुन्हा सात. तिसऱ्या ओळीत सात भागिले एक, सात. चौथ्या ओळीत किंमत थेट वजा अर्ध्यावर येते. सात मोडला तो तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे. मग त्याच जागी बोट ठेवून शेवटच्या क्रियेचा प्रश्न विचारायचा. x + 2 मध्ये शेवटी काय करतो? बेरीज. मग x निघेल का? इथे मुलांना दोन्ही साधनं जोडून मिळतात. किंमत काढल्यावर चूक कुठे झाली ते कळतं, आणि शेवटच्या क्रियेवरून ती का झाली ते.

यात शिक्षकांनी एक काळजी आधीच घ्यायला हवी. मुलांना संख्या निवडायला सांगितली तर ती हमखास शून्य निवडतात, कारण सोपं पडतं. आणि शून्य इथे दगा देतो. x ला शून्य धरलं, तर पहिल्या ओळीची किंमत सहा भागिले वजा बारा, म्हणजे वजा अर्धाच येते. चुकीचं उत्तर पडताळ्यात पास! तीच गत पहिल्या प्रश्नाची. x शून्य असेल, तर (x + 6)/3 आणि x + 2 दोन्हींची किंमत दोन. पदं काटणाऱ्याची चूक शून्याखाली झाकली जाते, कारण काटलेलं पद शून्यच असतं. एकही टाळलेला बरा, कारण x, x² आणि x³ यांत तो फरकच दाखवत नाही. शिवाय छेद शून्य होईल ती किंमतही चालत नाही. या गणितात x ला 4 किंवा −3 धरता येणार नाही. वजा तीनची गोष्ट तर आणखी खोल आहे. मूळ अपूर्णांकाला तिथे किंमतच नाही, पण (x + 2)/(x − 4) ला तिथे 1/7 ही किंमत आहे. म्हणून नेमकं लिहायचं तर दोन्ही रूपं समान आहेत, पण x वजा तीन नसताना. आठवीत हे सगळ्यांना सांगायची गरज नाही. कुणी विचारलंच तर शिक्षकांनी टाळू नये. आणि पडताळ्याची मर्यादाही सांगावी. किंमती जुळल्या नाहीत तर चूक नक्की आहे. जुळल्या तर उत्तर बहुधा बरोबर आहे, सिद्ध झालेलं नाही.

सात मिनिटं मुलांनी स्वतः दोन गणितं सोडवायची, पण तिरप्या रेघा मारायला बंदी. त्याऐवजी ज्यानं भागलं ते लिहायचं. अंशाच्या शेजारी ‘÷ (x + 3)’, छेदाच्या शेजारीही ‘÷ (x + 3)’, आणि ज्याचा स्वतःशीच भागाकार झाला तिथे 1. हे कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुर करतील. तरी निदान आठवडाभर हाच शिरस्ता ठेवावा, कारण यात दुसऱ्या गठ्ठ्यातली चूकही आपोआप सुटते. एक लिहिलेला असतो, त्यामुळे 1/(x − 2) चं x − 2 होत नाही. आणि x + 2 च्या शेजारी ‘÷ x’ लिहायची वेळ आली, की दोनला x नं भागून काय मिळतं हा प्रश्न मुलासमोर उभा राहतो. तिरप्या रेघेत तो प्रश्न दिसतच नव्हता.

शेवटच्या पाच मिनिटांत चिठ्ठीवर दोन प्रश्न, नाव घालून शिक्षकांकडे द्यायचे:

(x + 8) / 4
(x² − 2x − 15) / (x² − 9)

दुसऱ्याचं उत्तर (x − 5)/(x − 3). तिथे न थांबता कुणी 5/3 लिहिलं, तर त्या मुलाशी दुसऱ्या दिवशी बोलायला हवं. चिठ्ठीत आणखी एक वाक्य लिहायला सांगावं: ‘मी दुसऱ्या प्रश्नात अमुक काटलं, कारण…’ कारणात ‘दोन्हीकडे आहे’ एवढंच असेल, तर उत्तर बरोबर असूनही काम अर्धंच झालंय. ‘दोघांचा अवयव आहे’ किंवा ‘शेवटी गुणाकार आहे’ असं काही असेल, तर ते मूल आता आपल्या बुद्धीनं चालतंय.

अशा तासानंतरच्या चिठ्ठ्या बहुतेक वेळा चांगल्या येतात, आणि त्यावर लगेच विसंबू नये. त्या पस्तीस मिनिटांत वर्गात दुसरा विषयच नव्हता, म्हणून सगळ्यांचं डोकं त्याच दिशेनं चाललं होतं. जुना नियम अनेक वर्षं वापरलेला असतो. तो नवीन समजुतीच्या बाजूलाच दबा धरून बसतो आणि मुलाचं लक्ष दुसऱ्या कशात गुंतलं की पुन्हा वर येतो. दहावीच्या त्रिकोणमितीत तो हमखास भेटतो. sin²θ / (1 + cosθ) मध्ये अंशाच्या जागी 1 − cos²θ घेतलं, की 1 ला 1 नं आणि cos²θ ला cosθ नं भागून 1 − cosθ लिहिणारी मुलं असतात. पुन्हा बरोबर उत्तर आणि पुन्हा चुकीची रीत, त्यामुळे दहावीचे शिक्षकही पुढे जातात.

म्हणून आठ-दहा दिवसांनी, वर्गात भलताच धडा चालू असताना, सुरुवातीलाच फळ्यावर एक प्रश्न टाकावा, काही न सांगता: (a² + b²) / (a + b). याला सरळरूप नाही. पदाला पदानं भागणारा a + b लिहील, वर्गाची सूत्रं गोंधळलेला कदाचित a − b लिहील, आणि समजलेला वही खाली ठेवून म्हणेल, ‘बाई, यात काटण्यासारखं काही नाही.’ a ला 3 आणि b ला 2 धरून किंमत तेरा भागिले पाच येते, एवढं त्यानं दाखवलं की फळा पुसून त्या दिवसाचा धडा सुरू करावा. a + b लिहिणाऱ्यांची नावं मात्र वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवावीत. त्यांच्यासाठी पाच मिनिटांचा, फक्त संख्यांचा तो सुरुवातीचा भाग पुन्हा एकदा घ्यावा लागणार आहे.